बाणाचं टोक कुणाच्या तोंडाशी? अन्नसाखळीची वर्कशीट सोडवताना

बेडूक नाकतोडा खातो. हे वाक्य चौथी-पाचवीतल्या कुठल्याही पोराला सांगा, त्याला त्यात काही नवल वाटणार नाही. आता त्यालाच सांगा, की कागदावर बेडूक आणि नाकतोडा लिही आणि मध्ये बाण काढ. बहुतेक पोरं बेडकापासून बाण सुरू करतात आणि नाकतोड्यावर नेऊन टेकवतात. उत्तर चुकलं. बाण नाकतोड्याकडून निघून बेडकाकडे जायला हवा:

नाकतोडा → बेडूक

कोल्हापुरात घरीच विज्ञानाचा क्लास घेताना माझ्याकडे मराठी माध्यमाची मुलं येतात, सेमी इंग्रजीची येतात आणि करवीर तालुक्यातल्या गावांतून एसटीनं येणारीही येतात. अन्नसाखळीच्या वर्कशीटमध्ये सगळ्यांची चूक हीच. कोण कुणाला खातं हे त्यांना पक्कं माहीत असतं, बाण मात्र उलटा पडतो. आणि एक बाण उलटा वाचला की त्यावरचे पुढचे सगळे प्रश्न रांगेनं चुकतात, कारण उत्पादक कोण, भक्षक कोण, एखादा प्राणी नाहीसा झाला तर काय होईल, हे सगळं त्या बाणावरच उभं असतं. घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आईवडिलांसाठी आणि पहिल्यांदाच हा धडा शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी हे लिहिते आहे.

आधी चूक कुठून येते ते बघा

आपल्या मराठी वाक्यात करणारा पहिला येतो. बेडूक नाकतोडा खातो, साप बेडूक खातो. मूल हे वाक्य मनात म्हणतं, नावं त्याच क्रमानं लिहितं आणि "खातो" या शब्दाच्या जागी बाण ठेवून देतं. झालं, बाण उलटा.

दुसरं कारण बाण या शब्दातच दडलंय. बाण म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे धनुष्य येतं. शिकाऱ्याकडून निघतो आणि शिकारीला लागतो तो बाण. एकदा मी एकाला विचारलं, "वाघाकडून हरणाकडे का रं काढलास बाण?" तर म्हणाला, "मॅडम, वाघ हरणावर झेप घेतोय की!" त्याच्या परीनं बरोबरच होतं. त्यानं हल्ल्याची दिशा दाखवली होती आणि वर्कशीट विचारत होती अन्नाची दिशा.

म्हणून पहिली गोष्ट ही सांगायची: अन्नसाखळीतला बाण शिकाऱ्याचा नाही. अन्न कुठून निघालं आणि कुठं पोचलं, ते हा बाण दाखवतो. नाकतोड्याच्या अंगात जी ऊर्जा होती ती बेडकाच्या पोटात गेली. ऊर्जा जिकडे गेली तिकडे टोक.

बाणाच्या जागी "ला" म्हणा

इंग्रजी वर्कशीटमध्ये बाण "इज ईटन बाय" असा वाचायला शिकवतात. सेमी इंग्रजीची मुलं ते पाठ करतात, पण मनात विचार मराठीत चालू असतो, आणि मराठीत "नाकतोडा बेडकाकडून खाल्ला जातो" असं कुणी बोलत नाही. त्यामुळे ते पाठांतर परीक्षेत दगा देतं.

मराठीत याहून सोपी वाट आहे. बाण आला की आधीच्या नावाला "ला" लावायचा आणि वाक्य "खातो"वर संपवायचं.

गवत → नाकतोडा → बेडूक → साप

हे असं वाचा: गवताला नाकतोडा खातो, नाकतोड्याला बेडूक खातो, बेडकाला साप खातो. "गवताला खातो" हे कानाला थोडं खटकतं, कारण एरवी आपण नुसतं "गवत खातो" म्हणतो. खटकू द्या. वाचताना "ला" कुणाला लागला एवढंच लक्षात ठेवायचंय. ज्याला "ला" लागला तो खाल्ला गेला, आणि टोकाशी जो आहे तो खाणारा.

लहान मुलांना आणखी एक खूण पटते. बाणाचं टोक म्हणजे उघडं तोंड. टोक ज्याच्याजवळ आहे, त्याचं ते तोंड. मी तर पेन्सिलनं टोकाच्या आत दोन दात काढायला सांगते. वही थोडी खराब होते, पण बाण पुन्हा उलटा पडत नाही.

बाण डावीकडून उजवीकडेच असेल असं धरू नका

सोप्या वर्कशीटमध्ये साखळी डावीकडून सुरू होते. मूल त्याला सरावतं आणि मग बाण न बघता नुसता क्रम वाचायला लागतं. अशा वेळी कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाचं हे उदाहरण पुढे ठेवा:

खंड्या ← गप्पी मासा ← डासाची अळी ← शेवाळ

इथे डावीकडून वाचलं तर खंड्या पहिला येतो आणि मूल बिनधास्त लिहून मोकळं होतं की "खंड्या उत्पादक". बोट टोकावर नाही, शेपटीवर ठेवायला सांगा. ज्या नावाजवळ नुसती शेपटी आहे, टोक नाही, तिथून वाचायला सुरुवात: शेवाळाला डासाची अळी खाते, अळीला गप्पी मासा खातो, माशाला खंड्या खातो. साखळी उभी असो, तिरकी असो की गोल फिरलेली, शेपटीपासून टोकाकडे हा नियम बदलत नाही.

आकारावर भरवसा ठेवणं हाही असाच सापळा. मोठा लहानाला खातो असं मुलांनी गृहीत धरलेलं असतं. त्यांना ही साखळी द्या:

म्हैस → गोचीड → बगळा

म्हशीला गोचीड खाते, म्हणजे तिचं रक्त पिते. गोचिडीला बगळा टिपतो. बाण एवढ्या मोठ्या म्हशीकडून एवढ्याशा गोचिडीकडे गेलाय आणि तो बरोबर आहे. गावाकडच्या मुलांना हे लगेच पटतं, कारण त्यांनी गोठ्यात म्हशीच्या कानामागच्या गोचिडी काढलेल्या असतात. शहरातली मुलं मात्र बाण खोडून उलटा करायला निघतात.

आता जाळं: उसाच्या फडातलं

एकच ओळ असते ती अन्नसाखळी. अनेक साखळ्या एकमेकींत गुंतल्या की अन्नजाळं होतं. खरी गडबड इथेच होते, कारण एकेका प्राण्याला चारी बाजूंनी बाण चिकटलेले असतात. मी यासाठी जंगलातले सिंह-कोल्हे घेत नाही. कोल्हापूरच्या पोरांना उसाचा फड सिंहापेक्षा जास्त ओळखीचा. फळ्यावर हे तेरा बाण काढते:

ऊस → लोकरी मावा
ऊस → हुमणी
ऊस → उंदीर
गवत → नाकतोडा
लोकरी मावा → डिफाची अळी
हुमणी → बगळा
नाकतोडा → बगळा
नाकतोडा → बेडूक
बेडूक → बगळा
बेडूक → धामण
उंदीर → धामण
उंदीर → मुंगूस
धामण → मुंगूस

ही नावं इकडच्या शेतकऱ्याला सांगावी लागत नाहीत. हुमणी ही भुंगेऱ्याची पांढरी, इंग्रजी सी सारखी वळलेली अळी जमिनीत राहून उसाची मुळं कुरतडते. नांगरट सुरू झाली की मागून बगळे चालत येतात ते वर आलेल्या हुमणी आणि किडे टिपायलाच. लोकरी मावा पानाच्या खालच्या बाजूला पांढऱ्या कापसासारखा दाटतो आणि रस शोषतो. 2002 साली पश्चिम महाराष्ट्रात त्याचा मोठा उद्रेक झाला, तेव्हाच्या आठवणी गावोगावी आहेत.

आता प्रश्न सोडवायला घ्या. मुलांची नजर एकदम पूर्ण जाळ्यावर जाते आणि ती गोंधळतात. म्हणून मी एका वेळी एकाच प्राण्याभोवती पेन्सिलनं गोल काढायला लावते, आणि दोनच गोष्टी विचारते. या गोलात टोकं किती शिरतात? या गोलातून शेपट्या किती निघतात? आत येणारे बाण म्हणजे तो काय खातो. बाहेर जाणारे बाण म्हणजे त्याला कोण खातं.

बेडकाभोवती गोल काढा. आत येणारा बाण एकच, नाकतोड्याकडून. बाहेर जाणारे दोन, एक बगळ्याकडे आणि एक धामणीकडे. म्हणजे या चित्रात बेडूक फक्त नाकतोडा खातो आणि त्याला बगळा व धामण खातात. बगळ्याभोवती काढा: आत तीन बाण, बाहेर एकही नाही. धामणीत उंदीर आणि बेडूक असे दोन बाण शिरतात, आणि एक बाहेर पडून मुंगसाकडे जातो.

एवढं जमलं की उत्पादक शोधायला वेगळं काही पाठ करावं लागत नाही. ज्याच्यात एकही टोक शिरत नाही तो उत्पादक. तेरा बाण तपासा, असे दोनच निघतात: ऊस आणि गवत. तसंच ज्याच्यातून एकही शेपटी निघत नाही तो त्या चित्रातला सर्वोच्च भक्षक. इथे तीन आहेत: डिफाची अळी, बगळा आणि मुंगूस.

डिफाच्या अळीवर मुलं अडकतात, आणि मी ती मुद्दामच घातली आहे. अळी म्हणजे पानं खाणारी, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. एका पोरीनं ऊस → डिफाची अळी असा बाण स्वतःच्या मनानं वाढवला होता. तिच्या वडिलांचा ऊस होता, म्हणून मी म्हटलं, "घरी विचारून ये." दुसऱ्या दिवशी आली ती हसतच. "मॅडम, पप्पा म्हणाले ती अळी उसाला काही करत नाही, माव्याला खाते. डिफा असलेली पानं तोडून दुसऱ्याच्या फडात नेऊन लावायचे म्हणे." खरंच तसं करत असत. डिफा हा एक पतंग आहे आणि त्याची अळी लोकरी माव्यावर जगते. म्हणून वर्कशीटमध्ये बाण काय सांगतो ते आधी वाचायचं, प्राण्याविषयीचा आपला अंदाज नंतर. अळी "सर्वोच्च भक्षक" कशी, असं कुणी विचारलं तर सांगा की फडात तिलाही खाणारे असतील, पण चित्रात ते काढलेले नाहीत. उत्तर चित्रापुरतं द्यायचं.

एकच प्राणी दोन पातळ्यांवर

"मुंगूस कोणत्या पातळीचा भक्षक?" या प्रश्नावर मुलं एकच उत्तर शोधत बसतात. जाळ्यात एक उत्तर नसतं. उत्पादकापासून मुंगसापर्यंत येणाऱ्या प्रत्येक वाटेवर बोट फिरवा आणि बाण मोजा:

ऊस → उंदीर → मुंगूस
ऊस → उंदीर → धामण → मुंगूस
गवत → नाकतोडा → बेडूक → धामण → मुंगूस

पहिल्या बाणाच्या टोकाशी असतो तो प्राथमिक भक्षक, दुसऱ्याच्या टोकाशी द्वितीयक, तिसऱ्याच्या टोकाशी तृतीयक. पहिल्या वाटेनं मुंगूस दुसऱ्या बाणाच्या टोकाशी आहे, म्हणून द्वितीयक. दुसऱ्या वाटेनं तिसऱ्या टोकाशी, म्हणून तृतीयक. तिसऱ्या वाटेनं चौथ्या. तिन्ही लिहा. पातळी मोजायची ती बाणांवरून, नावांवरून नाही. नावं मोजली की एक आकडा वाढतो, कारण त्यात ऊससुद्धा मोजला जातो.

"या जाळ्यात एकूण साखळ्या किती?" असाही प्रश्न येतो. सुरुवात उत्पादकापासून, शेवट सर्वोच्च भक्षकावर, आणि वाट जिथे फुटते तिथे दोन साखळ्या. उसापासून चार निघतात: एक माव्यावरून डिफाकडे, एक हुमणीवरून बगळ्याकडे आणि उंदरावरून दोन. गवतापासून तीन निघतात: नाकतोड्यावरून थेट बगळ्याकडे, बेडकावरून बगळ्याकडे आणि बेडूक-धामणीवरून मुंगसाकडे. एकूण सात. मुलांचं उत्तर बहुधा पाच किंवा सहा येतं, कारण फाटा फुटतो तिथे ती एकच वाट धरून पुढे जातात आणि परत मागे येत नाहीत. प्रत्येक वाट वेगळ्या रंगाच्या स्केचपेननं गिरवली की ही चूक टळते.

"धामणी मारल्या तर काय होईल?"

बाण उलटा वाचणाऱ्याचं पितळ इथे उघडं पडतं. उंदीर → धामण हा बाण ज्यानं "उंदीर धामणीला खातो" असा वाचला, तो लिहितो: धामणी संपल्या की उंदरांना अन्न मिळणार नाही, उंदीर कमी होतील. फडातली गोष्ट नेमकी उलटी आहे.

परत धामणीभोवती गोल काढा. आत शिरणाऱ्या बाणांच्या मागे जा: उंदीर आणि बेडूक. त्यांना खाणारं एक तोंड कमी झालं, म्हणून त्यांची संख्या वाढण्याची शक्यता. उंदीर वाढले की ऊस जास्त कुरतडला जाईल. बेडूक वाढले की नाकतोडे कमी होऊ शकतील. आता बाहेर जाणाऱ्या बाणाच्या पुढे जा: मुंगूस. त्याचं एक अन्न गेलं. पण त्याच्यात उंदराकडूनही एक बाण येतोय, तेव्हा तो उपाशी मरेल असं लिहू नका. तो उंदरांवर जास्त अवलंबून राहील, एवढंच म्हणता येतं.

"शक्यता" हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. बाण फक्त दिशा सांगतो, किती खाल्लं ते सांगत नाही. मुंगूस दिवसाला किती उंदीर खातं, हे चित्रात कुठंच नसतं. त्यामुळे "उंदीर दुप्पट होतील" असं उत्तर कुणी लिहिलं तर ते खोडते. धामण बिनविषारी आहे, हे मात्र याच प्रश्नाच्या निमित्तानं सांगून टाकते. दिसली की काठी उचलायची सवय इकडे अजून आहे.

"ला" जिथे चालत नाही

काही वर्कशीटमध्ये साखळी सूर्यापासून सुरू होते: सूर्य → ऊस → उंदीर. "सूर्याला ऊस खातो" म्हटलं की वर्गात हशा पिकतो. इथे "ला" सोडा आणि मूळ अर्थाकडे या: ऊर्जा कुठून कुठं गेली? सूर्याकडून उसाकडे. टोक बरोबर आहे. ऊस तरीही उत्पादकच, कारण सूर्य हा सजीव नाही आणि टोकं मोजताना त्याचा बाण धरायचा नाही.

दुसरी जागा विघटकांची. जिवाणू आणि बुरशी मेलेल्या उंदराला, मेलेल्या धामणीला, वाळलेल्या पाचटाला, सगळ्यांनाच खातात. म्हणून प्रत्येकाकडून एक बाण विघटकाकडे जातो. मुलं तो उलटा काढतात, कारण विघटक मातीत असतात आणि झाड मातीतून वर येतं, असं चित्र त्यांच्या डोक्यात असतं. विघटकाकडून वनस्पतीकडे जाणारा बाण काही पुस्तकांत असतो, पण तो ऊर्जेचा नाही. मातीत परत मिसळणाऱ्या पोषकद्रव्यांचा आहे. तो काढायचाच असेल तर तुटक रेघेनं काढायला सांगा, म्हणजे दोन्ही एकमेकांत मिसळणार नाहीत.

वरच्या वर्गातली मुलं विचारतात, की साखळ्या चार-पाच बाणांतच का संपतात. याचंही उत्तर बाणातच आहे. प्रत्येक बाणात ऊर्जा गळते. खाल्लेल्यातली बरीचशी उष्णता होऊन जाते आणि बरीच हालचालीत खर्च होते. परिसंस्थांचे अभ्यासक रेमंड लिंडमन यांनी 1942 मध्ये मांडलेल्या विचारावरून ढोबळमानानं असं धरतात, की साधारण दहा टक्केच पुढे पोचते. उसात 1000 एकक धरले तर उंदरात 100, धामणीत 10 आणि मुंगसात 1. गणित विचारलं तर टोकाच्या दिशेनं जाताना दहानं भागायचं आणि शेपटीच्या दिशेनं मागे येताना दहानं गुणायचं. बाण उलटा वाचणारा इथेही गुणाकाराच्या जागी भागाकार करतो.

छापलेलाच बाण उलटा असेल तर

नेटवरून उतरवलेल्या काही वर्कशीटमध्ये बाण खरोखरच उलटे छापलेले असतात. ओळखायचं कसं? आधी वनस्पती शोधा. तिच्यात टोक शिरत असेल आणि ते सूर्याकडून किंवा विघटकाकडून आलेलं नसेल, तर कागदच चुकलाय. मग तपासा, एकच बाण उलटा आहे की सगळे. सगळेच उलटे असतील तर चित्र काढणाऱ्यानं बाण म्हणजे "खातो" असं धरलं होतं. असा कागद मुलाला देऊच नका. आधीच दिला गेला असेल तर लाल पेननं प्रत्येक टोक खोडून दुसऱ्या बाजूला काढायला लावा आणि मगच प्रश्नांना हात घालू द्या. एकच बाण उलटा असेल तर मी तो तसाच ठेवते आणि खाली हातानं एक जादा प्रश्न लिहिते: "यातला एक बाण चुकीचा छापलाय, कुठला?"